देऊळ फिरल्याची दोन पदे : गुरू ग्रंथसाहिबातील नामदेववाणीचे संदर्भ कसे पाहावेत

संत नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, हे विधान मराठी संतसाहित्याच्या विवेचनात वारंवार आढळते. २०१५ साली घुमान येथे भरलेल्या ८८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनानंतर ते अधिकच रूढ झाले. मात्र या पदांतील एखादी ओळ उद्धृत करताना तिच्याखाली बहुधा केवळ ‘गुरू ग्रंथसाहिब’ एवढाच निर्देश असतो. १४३० पृष्ठांच्या ग्रंथासाठी असा निर्देश म्हणजे पत्त्याऐवजी नुसते शहराचे नाव सांगण्यासारखे आहे. याचा परिणाम अर्थनिर्णयावर कसा होतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

नामदेवांना देवळातून बाहेर काढले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा महाराष्ट्रात औंढा नागनाथच्या मंदिराशी जोडली जाते. ‘ग्रंथसाहिबातही ही कथा नामदेवांच्याच शब्दांत आहे’, असे अभ्यासक सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु ती तेथे एका नव्हे, दोन पदांत आहे. ही दोन पदे वेगवेगळ्या रागांत असून त्यांच्यात शंभराहून अधिक पृष्ठांचे अंतर आहे. उद्धृत ओळ नेमक्या कोणत्या पदातली, हे ठरवल्याशिवाय तिच्यावर भाष्य करणे धोक्याचे ठरते.

ग्रंथसाहिबाच्या पृष्ठाला ‘अंग’ म्हणतात. ग्रंथ हा देहधारी गुरूच्या स्थानी असल्याने त्याचे पान हा त्याचा अवयव, अशी त्यामागची भावना आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रमाण मुद्रित प्रतींत अंगांची संख्या १४३० अशी ठरलेली असते आणि एखादी ओळ कोणत्याही प्रमाण प्रतीत त्याच अंगावर सापडते. जुन्या हस्तलिखितांना हे लागू नाही. भाषांतरांच्या खंडांनाही त्यांचे स्वतःचे पृष्ठांक असतात, त्यामुळे खंडाचे पान अंग म्हणून उतरवले गेले की संदर्भ चुकतो. अशी चूक ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. ग्रंथाचा मोठा भाग रागांनुसार लावलेला आहे. भैरउ राग अंग ११२५ ते ११६७ आणि मलार राग अंग १२५४ ते १२९३ असा येतो. भैरउतील पदाला कोणी ‘अंग ४१२’ असा निर्देश दिला, तर मूळ ग्रंथ न उघडताही तो चुकीचा आहे हे समजते, कारण त्या अंगावर आसा राग चालू असतो.

रागात प्रथम गुरूंची रचना येते व भक्तांची वाणी असल्यास ती शेवटी येते. भक्तांमध्ये साधारणतः कबीर आधी, मग नामदेव, मग रविदास असा क्रम दिसतो. म्हणून नामदेवांचे पद शोधताना रागाच्या अखेरच्या काही अंगांकडे वळावे. हा क्रम सर्वत्र काटेकोर नाही. भैरउमध्ये रविदासांच्या पदानंतर, अंग ११६७ वर, नामदेवांचे आणखी एक पद येते. मारू रागात, अंग ११०५ वर, एकाच शीर्षकात कबीर व नामदेव ही दोन्ही नावे आहेत. तेथे केवळ शीर्षकावर विसंबून चालत नाही, पदातील नाममुद्राही पाहावी लागते.

आता देऊळ फिरल्याच्या पदांकडे वळता येईल. पहिले पद भैरउ रागात अंग ११६४ वर आहे. ज्या शीर्षकाखाली ते येते ते मात्र मागच्या, ११६३ व्या, अंगावर आहे. कर्त्याचे नाव दर पदावर पुन्हा छापलेले नसते; एक शीर्षक पुढचे शीर्षक येईपर्यंत लागू राहते. म्हणून कर्ता ठरवण्यासाठी पाने मागे चाळणे अपरिहार्य असते. पदाच्या शेवटी ३ आणि ६ असे दोन अंक आहेत. पहिला अंक कडव्यांचा, दुसरा त्या मालिकेतील पदाच्या क्रमाचा. दुसरे पद मलार रागात अंग १२९२ वर आहे आणि त्याच्या शेवटी ३ व २ हे अंक आहेत.

पहिल्या चरणाच्या सूचीतून शोधू पाहणाऱ्याला येथे एक अडचण येते. ‘रहाउ’ या शब्दाने खूण केलेली ओळ पदाचे ध्रुवपद असते आणि कीर्तनात गायक तीच आधी व पुन्हापुन्हा गातात. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते ती हीच ओळ. मलारमधील पदात रहाउ आरंभीच आहे, त्यामुळे ऐकलेली ओळ सूचीत मिळते. भैरउमधील पदात रहाउ पहिल्या कडव्यानंतर येते आणि सूचीत शोधणारा रिकाम्या हाताने परततो. ‘हे पद ग्रंथात नाहीच’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही शक्यता तपासली पाहिजे. संगणकीय शोधात प्रत्येक शब्दाचे केवळ पहिले अक्षर देण्याची सोय असते. पदातील कोणत्याही ओळीवरून शोध घेता येत असल्याने ही अडचण तेथे उरत नाही. शिवाय मराठी कानाने टिपलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही आड येत नाहीत.

दोन्ही पदे शेजारी ठेवून वाचली असता फरक ठळक होतो. भैरउमधील नामदेव हसत-खेळत देवळात येतात, भक्ती करीत असताना त्यांना धरून उठवले जाते, ते आपली कांबळी घेऊन देवळामागे जाऊन बसतात. रहाउमध्ये हीन जातीचा व छीप्याच्या जन्माचा प्रश्न यादवरायाला विचारला आहे. (छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. मराठीत त्याचे सरसकट ‘शिंपी’ केले जाते, तेही विचारपूर्वक करावे.) येथला स्वर दुखावलेला, पण संयत आहे. मलारमध्ये मात्र नामदेवांना शूद्र म्हणून मारहाण होते. ते विठ्ठलाला बाप म्हणून हाक मारतात आणि मेल्यावर दिलेली मुक्ती कोणाला कळणार, असे रोखठोक विचारतात. आपल्याला हीन लेखल्याने देवाचीच पत जाते, असेही ते सुनावतात. अखेरीस देऊळ नामदेवांकडे फिरते आणि पंडितांच्या वाट्याला त्याची पाठ येते. भैरउच्या शेवटी पंडितांचा असा उल्लेख नाही. तेथे देऊळ भक्तजनांकडे फिरते.

तेव्हा नामदेवांच्या जातिविषयक भूमिकेची चर्चा करणाऱ्याने भैरउमधील ओळ देऊन मारहाणीचा उल्लेख केला, तर तो दोन पदांची सरमिसळ करीत असतो. नामदेवांचा विद्रोह सौम्य होता असे केवळ अंग ११६४ च्या आधारे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. पुणे विद्यापीठाने १९६४ साली प्रसिद्ध केलेली ‘संत नामदेव की हिंदी पदावली’ किंवा कॅलवर्ट व लाठ यांचे १९८९ चे संपादन यांतून पद घेतले असेल, तर तेथील पदक्रमांक ग्रंथसाहिबाच्या संदर्भाची जागा घेऊ शकत नाही. राजस्थानातील हस्तलिखितांची पाठपरंपराही वेगळी असल्याने शब्द बदललेले असू शकतात.

कर्त्याच्या निश्चितीत याहून बिकट स्थळ अंग १३७५-७६ वर आहे. तेथे त्रिलोचन आणि नामा यांचा संवाद दोन सलोकांत येतो आणि दुसऱ्या सलोकात नामा उत्तर देतो. नाममुद्रा पाहून हे सलोक नामदेवांचे म्हणून उद्धृत करण्याचा मोह होतो. परंतु ते कबीरांच्या सलोकांत २१२ व २१३ या क्रमांकांनी आले आहेत, आणि नामदेवांच्या ६१ पदांत त्यांची गणना होत नाही. नानकांच्या नाममुद्रेबाबतही असेच घडते. पुढील गुरूंनीही ‘नानक’ हीच मुद्रा वापरली. कर्ता कळतो तो शीर्षकातील ‘महला’ या शब्दापुढच्या अंकावरून. महला १ म्हणजे गुरू नानक, महला ५ म्हणजे गुरू अर्जन. अंग २६२ पासून सुरू होणारी सुखमनी महला ५ ची आहे, तरी मराठी व्याख्यानांत ती सहजपणे गुरू नानकांच्या नावावर जाते.

या सर्व बाबी ध्यानात घेता, उद्धृत ओळीखाली राग, कर्ता, पदक्रमांक व अंग हे चारही घटक द्यावेत. वरील दोन पदांचे निर्देश असे होतील : ‘भैरउ, नामदेव, ६, अंग ११६४’ आणि ‘मलार, नामदेव, २, अंग १२९२’. अंगाचा आकडा लिहिताना वा छापताना चुकला, तरी राग आणि पदक्रमांक यांच्या आधाराने वाचक योग्य पदापर्यंत पोहोचतो.