आवाजाला चेहरा कुठून येतो?

एका पॉडकास्टवर पाहुणी म्हणून बोलले. एपिसोड आला तेव्हा मूर्तिजापूरच्या घरी आईला फोनवर लावून दिला. आम्ही दोन पाहुण्या होतो. सहा मिनिटं आई शांतपणे ऐकत होती. मग बोलता बोलता माझ्या तोंडून एक ‘मले’ निसटला आणि आई म्हणाली, “हे तू होय काय वं? मले त थे दुसरी वाटली.”

माझी ओळख तर नीट झाली होती. निवेदकाने पदवी, पुस्तक, पुरस्कार सगळं वाचलं. मी ‘नमस्कार, बोलावल्याबद्दल आभार’ म्हणाले. दुसरीनेही तेच म्हटलं. चूक इथेच आहे. माहिती निवेदकाच्या आवाजात गेली आणि आमच्या आवाजात फक्त शिष्टाचार उरला. व्हिडिओत नावाची पट्टी चेहऱ्याखाली येते. कानासाठी नाव त्याच आवाजातून यावं लागतं, नाहीतर ते कुणालाच चिकटत नाही.

यानंतर मी गाडगेबाबांचं ध्वनिमुद्रित कीर्तन पुन्हा ऐकलं. बाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. हे कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत, वांद्र्याला झालं. २० डिसेंबरला ते गेले. म्हणजे हा आवाज शेवटच्या दिवसांतला.

बाबांची ओळख खरं तर पूर्णपणे डोळ्यांची होती. चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि ज्यावरून नाव पडलं ते मातीचं गाडगं. गावात शिरून झाडायला लागले की परिचय झाला. ध्वनिमुद्रणात यातलं काहीच येत नाही. तरी दोन-तीन मिनिटांत माणूस समोर उभा राहतो. कसा?

एक तर ते स्वतःबद्दल सांगत नाहीत, समोरच्यांना प्रश्न विचारतात. देव किती, असं विचारतात. लोक एक म्हणतात. मग ते गावातले देव एकेक करून विचारतात, तुमच्याकडे हा आहे का, तो आहे का. लोक होकार देत जातात आणि त्यांचं पहिलं उत्तर त्यांच्याच तोंडून मोडतं. आपल्याला गर्दी दिसत नाही, पण तिच्या उत्तरांवरून बोलणारा कोण आहे, त्याचा अधिकार किती, लोकांशी त्याची सलगी किती, हे कळतं.

दुसरं म्हणजे त्यांची बोली. मुंबईत आलो म्हणून त्यांनी बोली बदलली नाही. पहिल्या वाक्यात जो माणूस आहे तोच शेवटपर्यंत आहे. जेवायचं ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हे सांगणारा आवाज कुठल्या घरातून आलाय ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या एपिसोडमध्ये नेमकं उलटं झालं. ओळखीपुरती मी पुस्तकी मराठी घातली आणि रंगात आल्यावर वऱ्हाडीवर आले. ऐकणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. वऱ्हाडी लपवली तर सभ्य वाटेन, असं मला वाटलं होतं. झालं एवढंच की सहा मिनिटं मी कुणीच नव्हते.

पण बाबांची नक्कल करून भागत नाही. त्यांना नाव सांगायची गरज नव्हती. समोर जमलेले लोक त्यांच्यासाठीच आले होते. स्टुडिओत समोर कुणी नसतं, आणि ऐकणाऱ्याने आपलं नाव पूर्वी कधी ऐकलेलं नसतं. शिवाय प्रश्न विचारला तर उत्तर देणारं कुणी नाही. तिथे तो प्रश्न नाटकी वाटतो.

म्हणून पुढच्या वेळी निवेदकाला सांगितलं, पुरस्कार एपिसोडखालच्या मजकुरात टाका, नाव मी सांगते. पहिल्या वाक्यात नाव घेतलं. दुसऱ्यात गाव, पण नुसतं ‘मूर्तिजापूर’ नाही. कोल्हापूरच्या कानाला ते नाव रिकामं आहे. “मुंबई–नागपूर लाइनवर अकोला आणि बडनेऱ्याच्या मधात आमचं ठेसन हाय, तेच जिथून शकुंतला निंघे.” तिसऱ्यात आज बोलायला का आले ते. वीसेक सेकंदांत संपलं. मधूनच ऐकायला लागणाऱ्यांसाठी निवेदकाने दोनदा नावाने हाक मारली, आणि लगेच मीच बोलले.

‘मधात’ आणि ‘ठेसन’ ठेवताना जीभ अडखळली. संपादनात ते कापू का, असं निवेदकाने विचारलं. मी नको म्हटलं.

या वेळी आईला फोन दिला तेव्हा तिने पहिल्याच वाक्याला आवाज वाढवला.