‘हॅव बीन’ दिसलं की थांबा: अधोरेखित क्रियापदाचा काळ ओळखण्याच्या प्रश्नाबद्दल

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. आमच्या प्रयोगशाळेत पानांचं कोरडं वजन काढायचं काम चालू होतं. पानं साधारण ६० ते ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायची आणि दोन वेळच्या वजनात फरक पडेनासा झाला की पाणी गेलं असं धरायचं. ओव्हनवर एका सीनियरची चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘लीव्ह्ज हॅव बीन ड्राइंग सिन्स ट्यूसडे इव्हनिंग.’ मी बुधवारी दुपारी ती वाचली, ‘पानं वाळवून झालीत’ असा अर्थ घेतला आणि सगळी पानं बाहेर काढून वजनं नोंदवून टाकली. पुढच्या खेपेशी आकडे जुळेनात. माझी वजनं जास्त येत होती, कारण पानांत अजून पाणी होतं. पानं परत ओव्हनमध्ये टाकून पुन्हा मोजायची तर ती तोवर दळून झाली होती. पूर्ण संच वाया गेला.

चिठ्ठीत ‘ड्राइड’ असतं तर मी बरोबर होते. चिठ्ठीत ‘ड्राइंग’ होतं. गंमत म्हणजे हाच फरक ओळखायचा प्रश्न मी प्रवेश परीक्षेच्या तयारीत शेकडो वेळा सोडवला होता: दहा-पंधरा वाक्यांची मिसळ यादी, क्रियापदाखाली रेघ, समोर काळाचं नाव लिहायचं. मग हा प्रश्न नेमकं काय शिकवतो आणि कुठे कमी पडतो, हे आज जरा नीट पाहू.

आधी त्याची जमेची बाजू. पुस्तकात एका धड्याखाली दहाही वाक्यं कर्मणीची असतात, तेव्हा काही ठरवावंच लागत नाही. पहिलं उत्तर बरोबर आलं की उरलेली आपोआप येतात. मिसळ यादीत मात्र प्रत्येक वाक्याशी नव्यानं निर्णय घ्यावा लागतो, आणि खऱ्या वाचनात तेच करायचं असतं. म्हणून यादी मिसळ असणं चांगलंच.

अडचण सुरू होते ती रिकाम्या जागेपासून. ‘काळ लिहा’ असं म्हणून एकच जागा देतात, पण रेघेखालच्या शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, काळ: वर्तमान, भूत की भविष्य. दुसरी, क्रियेकडे पाहण्याची रीत: साधी, चालू, पूर्ण की चालू पूर्ण. तिसरी, कर्ता क्रिया करतोय की क्रिया त्याच्यावर होतेय. शाळेत पहिल्या दोन गोष्टी एकत्र करून आपण ‘बारा काळ’ पाठ करतो. तिसरी गोष्ट वेगळ्या धड्यात येते, त्यामुळे उत्तरसूचीत ती कधी लिहिलेली असते आणि कधी गायब असते. ‘हॅज बीन मेझर्ड’ला एक सूची नुसतं ‘पूर्ण वर्तमानकाळ’ म्हणते, दुसरी ‘पूर्ण वर्तमानकाळ, कर्मणी’. दोन्ही चूक नाहीत, पण विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. माझा सल्ला साधा आहे: सरावाच्या वहीत प्रत्येक वाक्यासमोर तीन रकाने आखा आणि तिन्ही भरा.

आता ते भरायचे कसे? अर्थावरून अंदाज बांधू नका, रूपं बघा. इंग्रजीतली सहाय्यक क्रियापदं ठरलेल्या क्रमानं येतात आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याचं रूप ठरवतो. चॉम्स्कीनं १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये हा क्रम एका ओळीत बसवला होता. तो असा:

```
C (M) (have + en) (be + ing) (be + en)
```

इथे `C` म्हणजे काळाची खूण, `M` म्हणजे ‘विल’, ‘कॅन’सारखे शब्द, आणि `en` म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. कंसातलं काहीही गाळता येतं, पण क्रम बदलत नाही. (कर्मणीचा शेवटचा तुकडा त्यानं पुढे वेगळ्या नियमात हलवला, पण आपल्या कामासाठी ही ओळ पुरते.) वाचताना डावीकडून सुरू करायचं. पहिला शब्द काळ सांगतो. ‘हॅव’नंतर तिसरं रूप आलं तर पूर्ण. ‘बी’च्या कुठल्याही रूपानंतर ‘आयएनजी’ आलं तर चालू. ‘बी’च्या कुठल्याही रूपानंतर तिसरं रूप आलं तर कर्मणी.

माझी चिठ्ठी या पद्धतीनं वाचू. ‘हॅव’: वर्तमान. त्यानंतर ‘बीन’, म्हणजे ‘बी’चं तिसरं रूप: पूर्ण. ‘बीन’ हे स्वतः ‘बी’चं रूप आहे, म्हणून त्याच्या पुढे काय येतं ते बघायचं. पुढे ‘ड्राइंग’, म्हणजे ‘आयएनजी’: चालू. साखळी संपली, ‘बी’नंतर तिसरं रूप कुठेच आलं नाही, म्हणून कर्तरी. उत्तर: चालू पूर्ण वर्तमानकाळ, कर्तरी. पानं मंगळवारपासून वाळतायत आणि अजून ओव्हनमध्येच आहेत.

आता ‘हॅव बीन ड्राइड’. ‘बीन’पर्यंत सगळं तेच. पुढे मात्र ‘ड्राइड’, तिसरं रूप: कर्मणी. चालू कुठेच नाही. उत्तर: पूर्ण वर्तमानकाळ, कर्मणी. म्हणजे सगळा निर्णय ‘बीन’च्या पुढच्या शब्दावर आहे, आणि आपण बहुतेक जण ‘हॅव बीन’ दिसलं की तिथेच उत्तर लिहून मोकळे होतो.

मी चुकले त्याला आणखी एक कारण होतं. ‘पानं’ काही करत नाहीत, त्यांच्यावर काहीतरी होतंय, म्हणून वाक्य कर्मणीच असणार असं डोक्यात बसतं. मराठीत ‘वाळणे’ आणि ‘वाळवणे’ अशी दोन क्रियापदं आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच ‘ड्राय’. ‘लीव्ह्ज हॅव बीन ड्राइंग’ म्हणजे ‘पानं वाळतायत’, आणि ते रूपानं चक्क कर्तरी आहे.

कर्मणी शब्दाचाही मराठी माध्यमाच्या मुलांना त्रास होतो, आणि हा प्रश्न तयार करणारे तो लक्षातच घेत नाहीत. ‘आम्ही नमुना तापवला’ हे मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोगाचं वाक्य आहे, कारण क्रियापद ‘नमुना’प्रमाणे बदलतं, ‘वाटी’ असती तर ‘तापवली’ झालं असतं. पण इंग्रजीत तेच वाक्य ‘वी हीटेड द सॅम्पल’ होतं, जे सरळ कर्तरी आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘नमुना तापवला गेला’. तेव्हा मनात मराठी भाषांतर करून ‘हे कर्मणी’ म्हणू नका. ‘बी’ आणि तिसरं रूप ही जोडी दिसली तरच म्हणा.

ही पद्धत बाकी यादीवर चालते का बघा. ‘द सीड्स वर बीइंग वेड व्हेन द पॉवर फेल्ड’ यात ‘वर’ भूतकाळ, पुढचं ‘बीइंग’ चालू, त्यापुढचं ‘वेड’ (वजन केलं या अर्थी) तिसरं रूप म्हणून कर्मणी. ‘बाय मार्च वी विल हॅव बीन कलेक्टिंग डेटा फॉर टू इयर्स’ यात ‘विल’ भविष्य, ‘हॅव बीन’ पूर्ण, ‘कलेक्टिंग’ चालू, आणि कर्तरी. तिन्ही तुकडे एकत्र आले तर ‘हॅज बीन बीइंग ड्राइड’ असं काहीतरी होतं. नियमानं ते बसतं, पण लिहिताना लोक ते टाळतात, म्हणून शाळेच्या पुस्तकांत चालू पूर्णची कर्मणी रूपं दिलेली नसतात. यादीत ‘चालू पूर्ण, कर्मणी’ असं उत्तर येतंय असं वाटलं तर परत एकदा ‘बीन’च्या पुढे बघा.

पण काही वाक्यांपुढे ही पद्धतही थांबते, आणि तिथे दोष प्रश्नाचा असतो. ‘द व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड’ घ्या. कोणीतरी व्हॉल्व्ह बंद केला, की व्हॉल्व्ह बंद अवस्थेत होता? पहिल्या अर्थी साधा भूतकाळ, कर्मणी. दुसऱ्या अर्थी ‘क्लोज्ड’ हे विशेषण, आणि कर्मणी नाहीच. पुढे ‘बाय द ऑपरेटर ॲट फोर’ आलं तर घटना, ‘स्टिल’ घालता आलं तर अवस्था. नुसत्या वाक्यावरून ठरत नाही. ‘ओपन’चं तसं नाही: अवस्थेसाठी ‘वॉज ओपन’ आणि घटनेसाठी ‘वॉज ओपन्ड’, दोन वेगळी रूपं आहेत. संदर्भ न देता ‘वॉज क्लोज्ड’ला रेघ मारून एकच उत्तर मागणं बरोबर नाही.

दुसरा दोष रेघेचा. ‘हॅविंग बीन ड्राइड, द लीव्ह्ज वर वेड’ यात पहिल्या तुकड्याखाली रेघ असते आणि सूचीत उत्तर असतं ‘पूर्ण भूतकाळ’. ‘हॅविंग’ला स्वतःचा काळच नाही. ‘वर’ काढून ‘विल बी’ टाका, ‘हॅविंग बीन ड्राइड’ तसंच राहतं. भूतकाळ ‘वर’मुळे आला. रेघ तिथे हवी होती. हे उत्तर तुमच्या सूचीत दिसलं तर वहीत ‘पूर्ण, कर्मणी, काळ नाही’ असं लिहा आणि पुढे जा.

शेवटचा मुद्दा, मुलाखतीत उपयोगी पडेल असा. ‘इंग्रजीत काळ किती?’ याला सगळ्यांचं एकच उत्तर नाही. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणात काळ दोनच, वर्तमान आणि भूत, कारण क्रियापदाच्या रूपात तेवढेच दिसतात; ‘पूर्ण’ तिथे काळ नाही, रीत आहे. हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ चं केंब्रिज व्याकरण ‘पूर्ण’ला दुय्यम काळ मानतं. बारा काळांचा तक्ता ही शिकवण्याची सोय आहे. परीक्षेत सूचीला हवं ते नाव लिहा, पण तीन रकाने आधी भरा. रकाने बरोबर असतील तर नाव कुठल्याही तक्त्यात बसवता येतं.

आमच्या ओव्हनवर आता चिठ्ठीऐवजी छापील तक्ता आहे: ‘आत ठेवल्याची वेळ’, ‘बाहेर काढल्याची वेळ’, ‘सही’. दुसरा रकाना रिकामा असेल तर पानांना हात लावायचा नाही.