तडा गेलेलं झाकण परत बसवा

इथे मार्कहॅममध्ये यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला आपला माल क्यूबेकमध्ये विकायचा असेल, तर यंत्रासोबतचं मॅन्युअल फ्रेंचमध्येही द्यावं लागतं. क्यूबेकच्या १९७७ च्या भाषा कायद्यातच तसं आहे. आता मॅन्युअल म्हटलं की मिक्सरच्या खोक्यात येणारी घडीची पत्रिका डोळ्यांसमोर आणू नका. मोठ्या यंत्राचं मॅन्युअल खंडांमध्ये असतं: बसवणी, चालवणं, देखभाल, दुरुस्ती, सुटे भाग. कॅनडाच्या नौदलासाठी हॅलिफॅक्स वर्गाच्या १२ फ्रिगेट बांधल्या गेल्या (त्या १९९२ ते १९९६ या काळात दाखल झाल्या). त्यांच्या देखभालीची मॅन्युअल्स फ्रेंचमध्ये आणायला न्यू ब्रन्सविकमध्ये लेक्सी-टेक नावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे काम किती मोठं असतं ते बघा.

अशा मॅन्युअलमध्ये तीच ती वाक्यं शेकडो वेळा येतात. ‘वीजपुरवठा बंद करा’, ‘बोल्ट घट्ट करा’, ‘झाकण काढा’. ब्रुसेल्समधले भाषांतरकार पीटर आर्थर्न यांनी १९७८ मध्येच सुचवलं होतं की एकदा भाषांतर झालेला मजकूर संगणकात साठवावा आणि तोच मजकूर पुन्हा आला की जुनं भाषांतर समोर यावं. आज यालाच ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. तिच्या जोडीला असतो टर्मबेस, म्हणजे कुठल्या वस्तूला कुठला शब्द वापरायचा हे ठरवून ठेवलेला कोश. मेमरी वाक्यं सांभाळते, टर्मबेस शब्द सांभाळतो. या जोडीचं आश्वासन असं की दहा खंड दहा जणांनी केले तरी भाषा एकाच हातची वाटेल.

माझा आक्षेप या साधनांवर नाही, या आश्वासनावर आहे. एकसारखेपणा मोजता येतो, म्हणून तोच दर्जा समजला जातो. मराठीत हे कसं अंगाशी येतं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात आलेल्या पॅकिंग यंत्राचं आठ खंडांचं इंग्रजी मॅन्युअल मराठीत आणायचंय. मॅन्युअल वाचणारा माणूस हातात पाना घेऊन यंत्रापाशी उभा आहे. पाचव्या खंडात साफसफाईचं प्रकरण आहे: झाकण काढा, आतली धूळ पुसा, आणि मग हे वाक्य:

```
Replace the cover.
```

भाषांतरकार लिहितो, ‘झाकण परत बसवा.’ अगदी बरोबर. वाक्य मेमरीत गेलं. सहाव्या खंडात तपासणीचं प्रकरण आहे: झाकणाला तडा गेला आहे का पाहा, गेला असेल तर... आणि पुन्हा तेच वाक्य, अक्षर न् अक्षर तेच. मेमरी म्हणते, १०० टक्के जुळलं, आणि आपण होऊन भरते: ‘झाकण परत बसवा.’ म्हणजे तडा गेलेलं झाकण कामगार पुन्हा जागेवर बसवणार. इंग्रजीत ‘रिप्लेस’चे दोन अर्थ आहेत, परत जागेवर ठेवणं आणि जुन्याच्या जागी नवीन आणणं. इंग्रजी वाचणारा मेकॅनिक आगच्या-मागच्या वाक्यांवरून अर्थ लावतो. मराठीत मात्र दोनपैकी एक आधीच निवडावा लागतो, आणि मेमरीला आगचं-मागचं दिसतंच असं नाही.

आता खरी गंमत. समजा सहाव्या खंडाच्या भाषांतरकारानं लक्ष देऊन ‘नवीन झाकण बसवा’ असं लिहिलं. शेवटी सगळे खंड तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून जातात. त्यात एक ठरलेली चाचणी असते: मूळ वाक्य एक, पण भाषांतरं वेगवेगळी, अशा जागा दाखवा. सॉफ्टवेअर नेमकं या बरोबर भाषांतरावर बोट ठेवणार. आणि चुकीचं, पण एकसारखं भाषांतर कुठलीही सूचना न येता पास होणार. घाईतला तपासनीस ‘एकसारखं करून टाका’ म्हणतो, आणि माणसानं टाळलेली चूक यंत्रामार्फत परत आत येते.

याला पैशांचीही बाजू आहे. काम द्यायच्या आधी सगळा मजकूर मेमरीशी पडताळून किती वाक्यं पूर्ण जुळतात, किती थोडीफार जुळतात आणि किती नवीन आहेत याचा तक्ता काढतात. दर त्यावरच ठरतो. पूर्ण जुळणाऱ्या वाक्यांना बऱ्याच करारांत नाममात्र दर असतो, काहींत शून्य. म्हणजे जिथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, तिथेच बघण्याचे पैसे नाहीत. भाषांतरकार आळशी असतो असं नाही, त्याला ते वाक्य वाचायला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर उपाय आहे, आणि तो बऱ्याच साधनांत आधीपासून आहे. वाक्यासोबत त्याच्या आगचं-मागचं वाक्यही साठवायचं. ओमेगाटी हे मोफत मिळणारं साधन घ्या. त्यात एका वाक्याचं नेहमीचं भाषांतर ठेवता येतं आणि एखाद्या विशिष्ट जागेपुरतं पर्यायी भाषांतरही देता येतं. मेमरीच्या फाइलमध्ये ती नोंद साधारण अशी दिसते:

```xml
<tu>
  <prop type="file">vol6.txt</prop>
  <prop type="prev">The cover is cracked.</prop>
  <prop type="next">Tighten the bolts.</prop>
  <tuv lang="en"><seg>Replace the cover.</seg></tuv>
  <tuv lang="mr"><seg>नवीन झाकण बसवा.</seg></tuv>
</tu>
```

त्याहून चांगला उपाय मूळ इंग्रजीतच आहे. विमान उद्योगात १९८० च्या दशकापासून मॅन्युअलसाठी नियमबद्ध, सोपी इंग्रजी वापरतात. तिचं तत्त्व एकच: एका शब्दाला एकच अर्थ. तिथे ‘रिप्लेस’ म्हणजे जुनं काढून दुसरं बसवणं, बस. काढलेली वस्तू परत लावायची असेल तर ‘इन्स्टॉल’ लिहायचं. लेखकानं एवढं पाळलं, तर पुढे प्रत्येक भाषेतला हा घोळ उगमापाशीच मिटतो.

दुसरी अडचण खास आपली आहे, आणि ती टर्मबेसमध्ये लपलेली असते. समजा तीन खंड झाल्यावर ठरलं की ‘वॉल्व्ह’ नको, ‘झडप’ लिहूया. टर्मबेसमध्ये एक ओळ बदलली आणि झालेल्या खंडांत शोधून बदलून टाकलं. पण वॉल्व्ह पुल्लिंगी, झडप स्त्रीलिंगी. ‘जुना वॉल्व्ह काढा’ याचं झालं ‘जुना झडप काढा’. हे निदान वाचताना खटकतं तरी. त्याच्या पुढचं वाक्य बघा: ‘तो स्वच्छ करा.’ यात वॉल्व्ह हा शब्दच नाही, त्यामुळे शोधात ते सापडणार नाही. शिवाय ‘क्लीन इट’ हे इंग्रजी वाक्य मेमरीत पूर्ण जुळतं, म्हणून पंखा असो, झडप असो की झाकण, प्रत्येक ठिकाणी ‘तो’ येऊन बसतो. त्या पानावर आधी पंख्याचा उल्लेख असेल, तर वाचणारा झडप सोडून पंखा पुसायला घेईल.

इथे मराठीच आपल्याला हात देते. आज्ञार्थी वाक्यात सर्वनाम गाळलं तरी चालतं: ‘जुनी झडप काढा. स्वच्छ करा.’ सूचनांच्या लेखनात तो-ती-ते वापरायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी केला तर ही वाक्यं कुठेही वापरता येतात. जिथे संदर्भ लांबचा असेल तिथे नाम पुन्हा लिहायचं. अशी पुनरुक्ती निबंधात कंटाळवाणी वाटेल, मॅन्युअलमध्ये ती हवीच.

तिसरी गोष्ट सामान्यरूपाची. टर्मबेसमध्ये ‘पंखा’ आहे, पण मजकुरात येतं ‘पंख्याची पाती’, ‘पंख्याला’, ‘पंख्यांमध्ये’. अक्षरं जुळवणाऱ्या साध्या तपासणीला ‘पंख्याला’मध्ये ‘पंखा’ दिसत नाही, म्हणून ठरलेला शब्द वापरला नाही अशी सूचना येते. ‘झाकण’ मात्र ‘झाकणाला’मध्ये दिसतं, तिथे सूचना नाही. अशा शंभर खोट्या सूचना आल्या की तपासणारा वैतागून ती चाचणीच बंद करतो, आणि मग खऱ्या चुकाही सुटतात. म्हणून मराठी टर्मबेसमध्ये मूळ शब्दाशेजारी त्याची रूपंही पकडणारा साचा द्यावा लागतो:

```
पंख(ा|े|्य)
```

यात पंखा, पंखे, पंख्याला, पंख्यांना सगळे येतात. पक्ष्याच्या ‘पंखांना’ही यात सापडतील, पण पॅकिंग यंत्राच्या मॅन्युअलमध्ये पक्षी येण्याची शक्यता कमीच. प्रत्येक शब्दाचं लिंग आणि सामान्यरूप लिहायला काही मिनिटं लागतात. मोठ्या प्रकल्पात तेवढाच वेळ पहिल्यांदा कापला जातो, कारण तक्त्यात तो कुठे दिसत नाही.

मग या साधनांना दोष द्यायचा का? नाही. दहा जणांनी मिळून आठ खंड करायचे तर मेमरीशिवाय गत्यंतर नाही. ती नसती तर ‘झाकण’ कुठे ‘कव्हर’ झालं असतं, कुठे ‘आवरण’, आणि सुट्या भागांच्या यादीत कामगाराला नेमका भाग सापडला नसता. टर्मबेस तर आपल्याला मेमरीहूनही जास्त हवा. कॅनडानं हे आधीच ओळखलं. १९७० मध्ये मॉन्ट्रिऑल विद्यापीठात सुरू झालेली संज्ञापेढी पुढे सरकारनं घेतली, ती आज टर्मियम या नावानं सगळ्यांना फुकट वापरता येते. मराठीतही भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, पण शब्दाचं सामान्यरूप काय, वर्कशॉपमध्ये त्याला काय म्हणतात आणि कुठला पर्याय टाळायचा, हे प्रत्येक प्रकल्पाला स्वतःच भरून घ्यावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी इकडे इंजिनीअर म्हणून मॅन्युअल लिहीत किंवा भाषांतराचं काम बाहेर देत असाल, तर करारात एक ओळ घालून घ्या: ‘काढा’, ‘बसवा’, ‘बदला’, ‘बंद करा’ अशा क्रियांची पूर्ण जुळणारी वाक्यंही माणसानं संदर्भासकट वाचायची, आणि त्याचे पैसे द्यायचे. सगळी वाक्यं नकोत, एवढीच. वाचणाऱ्याच्या हातात त्या वेळी पाना असतो, आणि तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून बोल्ट फिरवणार असतो.