तक्त्यातली तळटीप आणि तिची चौकट

शोधनिबंधातल्या तक्त्याच्या चित्रातून आकडे काढण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत बरेच सुधारले. ओळी आणि रकाने आता बहुतेक वेळा बरोबर सापडतात. तळटीप मात्र अजून मागेच राहिली आहे. आकड्याच्या डोक्यावरचे बारीक चिन्ह कोणत्या चौकटीचे आणि ते कोणत्या टिपेकडे बोट दाखवते, हे नाते चित्रातून मजकूर होताना सर्वांत आधी तुटते.

सिंगापूरच्या कांदळवनांवरील निबंधात असतो तसा एक काल्पनिक तक्ता नमुन्यादाखल घेता येईल. पहिल्या रकान्यात पाण्याची क्षारता आहे: पासिर रिस 27.3¹, सुंगेई बुलो 24.8, पुलाउ उबिन 28.1¹. दुसऱ्या रकान्यात मातीतला सेंद्रिय कर्ब आहे: अनुक्रमे 4.2ᵃ, 5.6ᵇ, 4.9ᵃᵇ. खाली दोन टिपा आहेत. पहिलीनुसार ¹ असलेल्या ठिकाणी पावसाळी मोजमापे वगळली आहेत. दुसरीनुसार ज्या दोन आकड्यांवर एकही अक्षर समान नाही, त्यांच्यातला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे.

ओसीआर पहिला रकाना सहज 27.31, 24.8, 28.11 असा वाचते. 27.31 ही क्षारता अशक्य नसल्यामुळे आकडा शक्य मर्यादेत आहे का, एवढे पाहून चूक सापडत नाही. खूण पटते ती दशांशस्थळांवरून: एकाच रकान्यात कुठे एक, कुठे दोन. सगळ्याच ओळींवर चिन्ह असते, तर हीही खूण उरली नसती.

मग आधार उरतो तो आकाराचा. टीपचिन्हाची उंची शेजारच्या अंकाच्या साधारण 60 टक्के असते आणि त्याचा तळ वर उचललेला असतो. 8 पॉइंटच्या टाइपातला अंक 150 डीपीआयवर जेमतेम 12 पिक्सेल उंच, म्हणजे चिन्ह सातच पिक्सेलचे. 300 डीपीआयवर तेच सुमारे 14 पिक्सेलचे होते आणि फरक मोजण्याजोगा ठरतो. चित्र मुळातच लहान असेल, तर ते नंतर फुगवून हरवलेला तपशील परत येत नाही.

दुसरी चूक जागेची. बहुतेक पद्धती प्रत्येक शब्दाचा मध्यबिंदू पाहून त्याला चौकटीत टाकतात. चिन्हाचा मध्य उंचावर असतो, त्यामुळे दाट ओळींच्या तक्त्यात पुलाउ उबिनचा ¹ वरच्या सुंगेई बुलोच्या चौकटीत जाऊन बसतो. उपाय क्रमाचा आहे: चिन्ह आधी डावीकडच्या लगतच्या अंकाला किंवा शब्दाला चिकटवावे आणि मग ती जोडी मिळून चौकटीत टाकावी. रिकाम्या चौकटीत एकटेच उभे असलेले चिन्ह हा अपवाद वेगळा हाताळावा लागतो.

चौकटीत मूळ मजकूर, शुद्ध संख्या आणि चिन्हे वेगवेगळी ठेवणे हितावह:

```
{"row":"Pasir Ris","col":"salinity",
 "text":"27.3¹","value":27.3,"notes":["1"]}
```

चिन्ह शीर्षकावर असेल तर टीप सबंध तक्त्याची, रकान्याच्या मथळ्यावर असेल तर त्या रकान्याची. अनेक रकान्यांवर पसरलेल्या मथळ्याची टीप त्याखालच्या सगळ्या रकान्यांना लागू होते.

यानंतर दुहेरी ताळा घ्यावा. प्रत्येक टिपेला निदान एक चिन्ह हवे आणि प्रत्येक चिन्हाला टीप. चिन्हाविना उरलेली टीप म्हणजे वाचताना चिन्ह गळाले. टिपेविना उरलेले चिन्ह बहुधा घात किंवा एककातला अंक असतो, जसा m² मधला 2. ᵃᵇ म्हणजे अ आणि ब अशा दोन टिपा नव्हेत. एकाच टिपेने समजावलेल्या दोन गटांत तो आकडा मोडतो. हा भेद टिपेचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. ताळ्यालाही मर्यादा आहे: पुलाउ उबिनवरचा ¹ गळाला आणि पासिर रिसवरचा टिकला, तर दोन्ही तपासण्या निर्धास्त पार पडतात.

मूल्यमापनाची स्थिती याहून कमकुवत आहे. 2022 मध्ये आलेल्या पबटेबल्स-1एम या संचात रचनेचे सहा वर्ग आहेत: तक्ता, रकाना, ओळ, मथळा, मधला ओळ-मथळा आणि पसरलेली चौकट. त्यांत तळटीप नाही. 2020 च्या पबटॅबनेटसोबत आलेले टेड्स हे माप तक्त्याला झाड मानून दोन झाडांतला फरक मोजते. शंभर फांद्यांच्या झाडात एका चौकटीचा मजकूर सर्वस्वी चुकला, तरी गुण फार तर एका टक्क्याने उतरतात. हरवलेल्या चिन्हाची किंमत त्याहूनही कमी. विशेष म्हणजे ज्या पबमेड सेंट्रलच्या निबंधांतून हे दोन्ही संच तयार झाले, त्यांच्या एक्सएमएलमध्ये `<xref ref-type="table-fn" rid="…">` अशा खुणेने चिन्ह आणि टीप जोडण्याची सोय आहे. जिथे निबंधाचे एक्सएमएल मिळते, तिथे चित्र वाचण्याआधी तेच पाहावे. जिथे फक्त चित्र आहे, तिथे चिन्ह-टीप जोड्यांची अचूकता टेड्सपासून वेगळी मोजून सांगितली पाहिजे. ती न सांगणारा 98 टक्क्यांचा दावा तळटिपांबद्दल काहीच सांगत नाही.