वाटी कोणती? एका कथेविषयी

मागच्या वेळी याच सभागृहात एका तरुण लेखिकेने आपली कथा वाचून दाखवली होती. ती अजून छापून आलेली नाही, आणि लेखिकेने मला बजावलंय की सर, बोला हवं ते, पण माझं नाव घेऊ नका. तर नाव घेत नाही. ती मागच्या रांगेत बसली आहे, एवढं मात्र सांगून ठेवतो.

ज्यांनी ती ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपूरची एक मुलगी जर्मनीत शिकते आहे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ती पाटवडी-रस्सा करायला घेते. आयुष्यात पहिल्यांदाच. आईला फोन लावते. तिकडे संध्याकाळचे सात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. आई झोपेतून उठून सांगते, मुलगी इकडे करत जाते. वडी काही जमत नाही. कथेत घडतं ते इतकंच.

परवा दोघातिघांनी मला म्हटलं, "छान आहे, आईच्या अंदाजाची गोष्ट आहे." या 'अंदाज' शब्दावरच मला बोलायचं आहे. आईचं सांगणं मोघम असतं, मोजमाप नसतं, तिच्या हातालाच चव असते, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण असं म्हणताना आपण तिचं ज्ञान जरा खालच्या पायरीवर बसवतो. कथा नीट वाचली तर ती याच्या उलट बाजूने बोलते. आई मोघम नाही. मुलीला तिची भाषा कळत नाही.

आता पहिला प्रसंग घ्या. मुलगी विचारते, "आई, बेसन किती?" आई म्हणते, "वाटीभर घेशील. त्याला पाणी दोन वाट्या, थोडं कमीच." मुलगी वैतागते, "पण कोणती वाटी? ग्रॅममध्ये सांग ना." आई म्हणते, "कोणतीही घे." श्रोते इथे हसले होते. मलाही हसू आलं, पण ते आपल्यावरच. कारण आईचं उत्तर अगदी शास्त्रशुद्ध आहे. वाटी हे माप नव्हेच, ते प्रमाण आहे. बेसन एक भाग असेल तर पाणी दीड ते दोन भाग. वाटी लहान असो की मोठी, काही फरक पडत नाही. पिठल्याला त्याच बेसनाला तीन-चार भाग पाणी जातं, म्हणून ते पळीवाढं राहतं. पाटवडीचं थापता येतं, कापता येतं. आईने जे सांगितलं ते जगातल्या कुठल्याही वाटीला लागू आहे.

आणि चूक होते ती नेमकी इथेच. लेखिकेने ती इतकी हळूच पेरली आहे की पहिल्या वाचनात माझ्याही हातून निसटली. मुलगी बेसन मोजते काचेच्या छोट्या बाऊलने. नंतर सिंककडे वळते आणि पाणी मोजते कॉफीच्या मगने. दोन मग. पुढे सगळं बिघडतं ते या एका ओळीमुळे. 'तीच वाटी' हे आईने सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. नागपूरच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात एक वाटी पडलेली असते, तीच पाण्यातही बुडते. जे आपल्याला सर्वांत पक्कं ठाऊक असतं, ते सांगताना हमखास गळतं. चाळीस वर्षं वर्गात शिकवून मी हे शिकलो. विद्यार्थी अडायचे ते अवघड जागी कमी, मी न सांगितलेल्या सोप्या जागी जास्त.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. तिने वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ लिहून दिले आणि ते पुस्तक कितीतरी मुलींच्या बॅगेतून परदेशी गेलं. आमच्याही घरातून गेलं. आता पुस्तक आहे म्हटल्यावर फोन कशाला, असं कुणी विचारेल. कारण पुस्तकाला उलटून विचारता येत नाही, "अगं, हे असं का दिसतंय?" ही कथा उभी आहे ती या प्रश्नावर.

मधला भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो समजायला न्यायशास्त्रातलं एक जुनं उदाहरण घेतो. घाबरू नका, एकच घेतो. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात, त्यांतलं एक उपमान. शहरातल्या माणसाने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे हा माणूस रानात जातो, समोर गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर दिसतं, आणि त्याला कळतं, अरे, गवय म्हणतात तो हाच. ऐकलं तेव्हा ज्ञान पूर्ण झालं नव्हतं. ते पूर्ण झालं जनावर समोर आल्यावर. आणि या सगळ्याला एक अट आहे. माणसाला गाय माहीत हवी.

फोनवरची आई नेमकं हेच करते. "पिठल्यासारखं सैल नको, झुणक्यासारखं मोकळं नको. त्याच्या मधलं." साम्यही सांगते, भेदही सांगते. यापेक्षा चांगलं वर्णन शब्दांत होणार नाही. मग अडतं कुठे? मुलीने पिठलं शेकडो वेळा खाल्लंय. म्हणजे गाय तिने पाहिली आहे. पण ताटातून पाहिली आहे, चुलीजवळून नाही. ताटातलं पिठलं निवत आलेलं, आळलेलं असतं. कढईतलं उकळतं पिठलं त्याहून बरंच पातळ दिसतं. आईच्या मनातलं पिठलं कढईतलं, मुलीच्या मनातलं ताटातलं. शब्द एकच, गाय वेगळी. मग वापरुन पाणी जास्त झालेलं बेसन मुलीला 'ताटातल्या पिठल्यापेक्षा थोडंसंच सैल' वाटतं, आणि ती म्हणते, "हो आई, बरोबर दिसतंय." ती खोटं बोलत नाही.

'सांबार' शब्दाचा छोटा गोंधळही आहे. आपल्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. मुलीची मैसूरची रूममेट फोन ऐकत असते आणि मधेच विचारते, वडीवर सांबार कसं ओतायचं? ही गंमत जमली आहे, पण लेखिकेने ती दोनदा वापरली. एकदा पुरे होती.

मग येतो आवाजाचा प्रसंग. मुलगी विचारते, "किती मिनिटं शिजवू?" आई म्हणते, "मिनिटं काय सांगू? कडा सोडेपर्यंत घाटशील." बेसन शिजत आलं की गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडतं, वर तकाकी येते, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. या खुणा आहेत. धुरावरून जसा अग्नी, तशा या खुणांवरून आतलं शिजणं. मिनिटं मात्र चूल बदलली की खोटी पडतात. मुलीकडे काचेची विजेची शेगडी आहे. आई म्हणते आच बारीक कर, ही आकडा सातावरून तीनावर आणते, पण काच तापलेलीच राहते आणि खाली लागायला लागतं. दहा मिनिटं असं सांगितलं असतं तर आई दहा मिनिटांपुरतीच बरोबर ठरली असती.

मुलगी फोन कढईजवळ धरते, "ऐक." आईला काहीच ऐकू येत नाही. मला हे आधी पटलं नाही, म्हणून मी घरी करून पाहिलं. पिठलं गॅसवर होतं, मी मोबाईल जवळ धरला, मुलीला फोन लावला. फोडणी तडतडली ती तिला ऐकू गेली, खदखद नाही. सलग चालणारा आवाज मोबाईल गोंगाट समजून दाबून टाकतो म्हणे. लेखिकेने हे अनुभवलं असणार.

मग आई विचारते, "फदफद करून राहिलं का रटरट?" मुलगी पहिल्यांदा फोन बाजूला ठेवते आणि कढईकडे कान देते. पातळ असेल तर लहान बुडबुडे भराभर फुटतात, तो रटरट आवाज. दाट झालं की वाफ थराखाली अडकते आणि जड बुडबुडा फुटतो, फद् करून. आईने दोन शब्द दिले आणि त्या दोन शब्दांनी मुलीला कान दिले. झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक' कादंबरीच्या सुरुवातीला १९६८ सालच्या अमेरिकेत अशिमा कुरमुऱ्यांच्या जागी तिथलं सीरिअल घेऊन कलकत्त्याच्या फुटपाथवरचा खाऊ जमवू बघते. काहीतरी कमी पडतंय हे तिला कळतं, पण विचारायला पलीकडे कुणी नाही. इथे पलीकडे कुणीतरी आहे, आणि तरी जमत नाही. मला हे जास्त अवघड दुःख वाटतं.

'घेशील', 'घाटशील' ही आईची क्रियापदंही ऐका. नागपूरकडे आज्ञा अशी भविष्यकाळात येते. 'घाट' म्हटलं तर हुकूम. 'घाटशील' म्हटलं की तू हे करणारच आहेस, असं धरून चाललेलं असतं.

कथेतला एक प्रसंग मात्र मला हलवून गेला. मुलगी विचारते, "तिखट किती?" आई उत्तर देऊ शकत नाही. थांबते, म्हणते, "थांब, पाहून सांगतो." आपल्याकडच्या बाया असं बोलतात, लेखिकेने ते पुसलं नाही, बरं केलं. आणि ती रात्री बाराला गॅस पेटवते. वडील आतून ओरडतात. आई कढई ठेवते, फोडणी करते, तिखटाच्या डब्यात हात घालते आणि तिथेच थांबते, आपल्या चिमटीकडे बघत. तिला स्वतःला ठाऊक नव्हतं ती किती घालते. तिचा हात जाणतो, ती जाणत नाही. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 'असं आहे हे ठाऊक असणं' आणि 'कसं करायचं ते येणं' यांत फरक केला आणि १९४९च्या आपल्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. मी तो वर्गात कितीतरी वर्षं शिकवला. या बाईने तो चिमटीत धरून दाखवला.

आता तक्रार. वडी थापली जाते, सुरी फिरते, तुकडे मोडतात. ते व्हायलाच हवं, कारण मग आठवा. पण शेवटच्या परिच्छेदात लेखिका लिहिते की मोडलेली वडी रश्श्यात बुडवून मुलीने घास घेतला आणि चव अगदी आईच्या हातची होती, डोळे भरून आले. बाई, हे खरं नाही. तुम्हीच सांगितलंत की बेसनात पाणी जास्त होतं आणि ते कच्चं राहिलं. कच्चं बेसन टाळूला चिकटतं, त्याचा पिठूळ वास रस्सा झाकू शकत नाही. दहा पानं तुम्ही दाखवलंत की हे ज्ञान शब्दांतून पोचता पोचत नाही, आणि शेवटी चवीला फुकट पोचवलंत. वाचक रडेल, पण मुलीने जे गमावलं ते तुम्ही त्याच्या हातातून काढून घेतलंत.

खरा शेवट त्याच्या चार ओळी आधी तुम्ही लिहूनच ठेवला आहे. आई विचारते, "टाळूला चिकटून राहिली का?" मुलगी म्हणते, "हो." पलीकडे कढई उतरवल्याचा आवाज येतो. आई म्हणते, "पाणी कशानं मोजलं होतं तू?"

तिथे थांबा.