एका खर्ड्याचें परीक्षण : संशयाची जागा

कुंभारी (तालुका दक्षिण सोलापूर) येथील एका तरुण संशोधकांनीं हत्तरसंग कुडल येथील शिलालेखावरील आपल्या निबंधाचा खर्डा आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला आहे. भीमा व सीना यांच्या संगमावरील संगमेश्वराच्या देवळांत तुळईवर कोरलेला हा लेख आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. सोलापूरचे शिलालेखाभ्यासक कै. आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणल्यापासून मराठीच्या आद्य लेखांच्या चर्चेंत त्याचें नांव नेहमीं निघतें. लेखकांनीं देवळांत वारंवार जाऊन अक्षरें स्वतः पाहिलीं आहेत, आणि जें पाहिलें नाहीं तें पाहिल्याचें सोंग कोठेंही आणिलेलें नाहीं. खर्ड्यांतील दोष निराळाच आहे, आणि तो अलीकडे इतका वाढला आहे कीं, लेखकांची अनुज्ञा घेऊन, त्यांचें नांव न देतां, आम्ही येथें त्याचा विचार करीत आहों.

खर्ड्यांतील दुसऱ्याच पृष्ठावर पुढील वाक्य आहे : ‘सदर लेखाचा काळ बहुधा शके ९४० च्या सुमारास असावा असें म्हणण्यास कदाचित् हरकत नसावी असें वाटतें.’ या एका वाक्यांत लेखकांनीं पांच वेळां माघार घेतली आहे. ‘बहुधा’, ‘सुमारास’, ‘असावा’, ‘कदाचित् हरकत नसावी’ आणि शेवटीं ‘वाटतें’. वाक्य संपलें तरी लेखकांस शंका नेमकी कशाची आहे हें वाचणारास कळत नाहीं. अंक पुसट आहेत काय? अंक स्पष्ट असून शक निराळा असेल अशी भीति आहे काय? कीं कोरणाऱ्यानेंच चुकीचा शक कोरला असें त्यांना म्हणावयाचें आहे? या तीन शंका एकमेकींपासून भिन्न आहेत. त्यांचीं उत्तरें निरनिराळ्या मार्गांनीं मिळतात. पांच शब्दांच्या धुक्यांत त्या तिन्ही सारख्याच दिसूं लागतात.

लेखकांस आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं प्रांजलपणें सांगितलें कीं, पूर्वीं एका सभेंत त्यांचें एक ठाम विधान खोडलें गेलें, आणि तेव्हांपासून ‘असावें’ लिहिल्याखेरीज हात पुढें सरकत नाहीं. ही भीति आम्ही समजूं शकतों. आम्हींही तरुणपणीं एका पोथीच्या पुष्पिकेंतील संवत्सर न पडताळतां तिचा शक छातीठोकपणें छापला होता, आणि पुढें तो चुकीचा ठरला. परंतु त्यावरचें औषध पुष्पिका पुनः पडताळणें हेंच होतें. पुढील सर्व पोथ्यांच्या शकांस ‘बहुधा’ जोडल्यानें ती चूक दुरुस्त झाली नसती.

नैयायिकांनीं संशयाचें जें लक्षण केलें आहे तें अशा वेळीं फार उपयोगीं पडतें. एकाच वस्तूविषयीं परस्परविरुद्ध अशा दोन कोटी मनांत उभ्या राहिल्या म्हणजे त्यास संशय म्हणावयाचें. दूर अंधुक दिसणारी वस्तु खुंट आहे कीं माणूस, हा संशय होय. कारण दोन्ही कोटी सांगतां येतात, आणि जवळ जाऊन हातपाय दिसतात कीं नाहीं हें पाहिल्यावर एक कोटी गळते. ज्यास दुसरी कोटी सांगतांच येत नाहीं तो संशय नव्हे. ती नुसती धास्ती. म्हणून आम्हीं लेखकांस एकच नियम सुचविला : जेथें जेथें ‘असावें’ लिहिलें आहे तेथें तेथें समासांत दुसरी कोटी लिहावी. लिहितां आली तर ती मुख्य मजकुरांत आणावी. न आली तर ‘असावें’ खोडून ‘आहे’ करावें.

आतां या नियमानें वरील वाक्य तपासूं. लेखांत ९४० हा अंक आहे आणि संवत्सराचें नांव कालयुक्त असें दिलें आहे. आमच्या वाचकांस रीत ठाऊकच आहे : शकांत १२ मिळवावे, बेरजेस ६० नीं भागावें, आणि बाकी राहील तितका संवत्सर प्रभवापासून मोजावा. ९४० आणि १२ मिळून ९५२. त्यांतून पंधरा आवर्तनांचे ९०० वजा जातां बाकी ५२. आणि प्रभवापासून बावन्नावा संवत्सर कालयुक्तच येतो. मधला अंक चुकून वाचला गेला असता, म्हणजे शक वस्तुतः ९३० असता, तर कीलक आला असता. ९५० असता तर विभव. अंक आणि नांव हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत आणि दोघांची साक्ष जुळते. कालयुक्त संवत्सर साठ वर्षांनीं फिरून येतो खरा. परंतु मग शक ८८० किंवा १००० यावयास पाहिजे, आणि त्या अंकांशीं दगडावरील अंकाचें कांहींच साम्य नाहीं. तात्पर्य, दुसरी कोटी उभी राहत नाहीं. वाक्य इतकेंच पुरें : ‘लेखाचा काळ शके ९४०, कालयुक्त संवत्सर, हा आहे, अंक व संवत्सर जुळतात.’

गंमत अशी कीं, जेथें लेखकांनीं थांबून विचार करावयास पाहिजे होता, तेथें ते बेधडक पुढें गेले आहेत. पुढच्याच ओळींत ‘म्हणजे इ. स. १०१८’ असें त्यांनीं लिहिलें आहे, आणि तेथें ना ‘बहुधा’ ना ‘सुमारास’. हा आंकडा सर्वत्र छापला जातो, म्हणून तो त्यांस निर्धोक वाटला. परंतु खुद्द लेखकांनीं लेखांत माघ मास व शुद्ध पक्ष वाचला आहे. शकांत ७८ मिळविण्याची रीत चैत्रापासून साधारण पौषापर्यंतच चालते. पुढें इसवी वर्ष बदलतें. कालयुक्त हें नांव शक गत धरल्यासच ९४० शीं जुळतें. वर्तमान धरिला तर पिंगल येतो. तेव्हां या शकाचा चैत्र १०१८ च्या वसंतांतला आणि माघ १०१९ च्या जानेवारींतला होय. लेखकांचें वाचन खरें असेल तर लेखाचें वर्ष इ. स. १०१९ लिहिलें पाहिजे. येथें जी शंका उरते ती ‘माघ’ या अक्षरांपुरती आहे, आणि तेवढीच सांगावी.

देवळाच्या काळाविषयीं लेखकांनीं ‘मंदिरही कदाचित् त्याच सुमाराचें असूं शकेल’ असें लिहिलें आहे. या वाक्यांत संशय खरा आहे, पण तो चुकीच्या शब्दांत सांडला आहे. येथें ‘कदाचित्’ नको, ‘जर’ पाहिजे. तुळई मूळच्या जागीं असेल, आणि लेख ती चढविल्यानंतर कोरला असेल, तर देवळाचा तेवढा भाग शके ९४० च्या माघापूर्वीं उभा होता, एवढें निश्चित म्हणतां येतें. तो किती पूर्वीं बांधला हें लेखावरून मुळींच कळत नाहीं. दोन्ही अटी पाहून येण्याजोग्या आहेत. एखादें अक्षर शेजारच्या दगडाखालीं दडलें असेल, तर लेख दगड बसविण्यापूर्वीं कोरला हें उघड होईल. तुळईचीं टोंकें खांबाच्या माथ्यावर नीट बसतात कीं मागाहून भर घातली आहे, हेंही दृष्टीस पडतें. असें न पाहतां ‘कदाचित्’ लिहिणें म्हणजे वाचणाराच्या हातीं बंद पेटी देऊन किल्ली आपल्याकडे ठेवणें होय.

आतां खर्ड्याचा जो मुख्य सिद्धांत, कीं हा मराठींतील पहिला शिलालेख, त्याकडे वळूं. त्यावर लेखकांनीं इतकीं आवरणें घातलीं आहेत कीं सिद्धांत आहे कीं नाहीं याचाच संशय यावा. येथें मात्र दुसरी कोटी आहे, आणि ती चांगली भक्कम आहे. अक्षीच्या लेखाचा शक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं ९३४ धरिला. तो ११३२ आहे असेंही वाचन पुढें आलें आहे. त्या लेखांत केसीदेवराय राजाचें नांव आहे, आणि उत्तर कोंकणच्या शिलाहारांत केशिदेव हें नांव अकराव्या व तेराव्या अशा दोन्ही शतकांत सांपडतें; म्हणून नुसत्या राजनामानें हा वाद मिटत नाहीं. श्रवणबेळगोळच्या मराठी ओळी तर शकावांचूनच आहेत. गोमटेश्वराची मूर्ति दहाव्या शतकाच्या अखेरची असली तरी चावुंडराजाच्या नांवाची ओळ त्याच वेळीं कोरली असें त्यावरून ठरत नाहीं. तिच्या जोडीची ओळ बाराव्या शतकांतील गंगराजाच्या नांवाची आहे. तेव्हां विधान असें करावें : ‘अक्षीचा शक ९३४ मानल्यास कुडलचा लेख त्याहून सहा वर्षांनीं अलीकडचा ठरतो, ११३२ मानल्यास, शक कोरलेल्या ज्ञात मराठी लेखांत कुडलचा लेख सर्वांत जुना ठरतो.’ यांत ‘असावा’ एकदांही नाहीं, तरी अनिश्चितता पूर्ण सांगितली गेली. ‘ज्ञात’ हा शब्द मात्र काढूं नये. उद्यां एखाद्या शेताच्या बांधावर आणखी जुना दगड निघेल, आणि त्याची जबाबदारी आज कोणी घेऊं शकत नाहीं.

इतिहासाचार्य राजवाडे यांचीं पुष्कळ विधानें, विशेषतः व्युत्पत्तीच्या प्रांतांतलीं, पुढें टिकलीं नाहींत. पण नेमकें काय खोडावयाचें हें खोडणारास कळत असे. प्रस्तुत खर्डा आहे तसा छापला, तर त्याचें खंडनही करतां येणार नाहीं आणि आधारासही तो घेतां येणार नाहीं. आणि लेखकांनीं घेतलेले श्रम दुसरा कोणी दोन ठाम ओळींत आपल्या नांवावर नेईल.

एका ठिकाणीं मात्र आमची सूचना उलट आहे. ‘वाछि तो विजेया होईवा’, म्हणजे जो हें वाचील तो विजयी होईल, ही शेवटची ओळ उघड मराठी आहे. तिला लेखकांनीं लाविलेला ‘मराठीसदृश’ हा शब्द काढून टाकावा. परंतु तिच्या आधींचीं जीं कांहीं अक्षरें आहेत त्यांचा सुसंगत अर्थ लागलेला नाहीं. लेखकांनीं तेथें ‘कदाचित्’च्या आधारानें अर्ध्या पानाचें भाषांतर रचिलें आहे आणि त्यांत एका पंडिताची यात्राही आणिली आहे. भाषांतराच्या आरंभीं ‘कदाचित्’ लिहिलें म्हणून तें कमी काल्पनिक होत नाहीं. दोन पानें पुढें लेखक स्वतःच त्या यात्रेचा उल्लेख घडलेली गोष्ट म्हणून करितात. हें सर्व गाळावें. दगडावर दिसतात तीं अक्षरें ओळीनें द्यावीं, संदिग्ध अक्षर कंसांत घालावें, जेथें दोन वाचनें संभवतात तेथें दोन्ही द्यावीं, आणि खालीं लिहावें : ‘या भागाचा अर्थ लागत नाहीं.’

खर्डा आम्हीं समासांत टिपा करून परत पाठविला आहे. नव्या वाचनांत तो निम्म्यावर येईल असें लेखक कळवितात. मधल्या अक्षरांचा ताजा ठसा पाऊस उघडल्यावर घेण्याचें त्यांनीं ठरविलें आहे, आणि ‘माघ’ या दोन अक्षरांचा ठसा निराळा, मोठ्या कागदावर घ्यावा अशी आमची विनंति त्यांनीं मान्य केली आहे.