एकीने दुसरीचे नाव सांगितले, तेव्हा

पुण्यातील कष्टकऱ्यांवरचे गुणात्मक शोधनिबंध वाचताना ‘संशोधन पद्धती’ या भागात एक वाक्य हमखास भेटते : ‘सहेतुक आणि स्नोबॉल नमुना पद्धतीने माहितीदात्या निवडल्या.’ पुढच्या पानावर मात्र ‘बहुतेक महिलांना असे वाटते’ अशी विधाने सुरू होतात. या दोन पानांमध्ये काय हरवते, ते पाहायचे आहे.

उदाहरणासाठी एक निबंध कल्पू या. विषय कचरावेचक महिलांचा. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे सभासदांना मिळाली. या ओळखपत्राने पोलिसांचा त्रास कमी झाला का, असा आपल्या कल्पित संशोधिकेचा प्रश्न आहे. ती 24 जणींना भेटते. त्यांपैकी 21 जणी ‘हो’ म्हणतात. निबंधात छापून येते : ‘87.5 टक्के महिलांचा त्रास कमी झाला.’

आता या 24 जणी आल्या कुठून? संशोधिकेने सुरुवात दोघींपासून केली. पहिलीने आपली जाऊ, बहीण आणि शेजारीण दाखवली. त्यांनी आणखी नावे दिली आणि त्या एका धाग्यातून 19 जणी आल्या. दुसरीच्या धाग्यातून फक्त तिघी. म्हणजे 24 पैकी 20 जणी एकाच वस्तीतल्या, बहुतेक एकाच नात्यागोत्यातल्या, एकाच सभेला जाणाऱ्या. ‘पंधराव्या मुलाखतीनंतर नवे काही कळेना, म्हणून माहिती संपृक्त झाली’ असेही संशोधिका लिहिते. पण संपृक्त झाली ती एका वस्तीची कहाणी. ज्यांच्याकडे ओळखपत्र नाही, ज्या नुकत्या शहरात आल्या, ज्या पहाटे एकट्याच कुंड्या धुंडाळतात, त्यांचे नाव कोणी घेतलेच नाही. स्नोबॉलमध्ये जिची ओळख जास्त, तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटाही जास्त. एकाकी बाई सर्वांत आधी गळते, आणि पोलिसांचा त्रासही कदाचित तिलाच सर्वांत जास्त असतो.

इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. लिओ गुडमन या संख्याशास्त्रज्ञाने 1961 मध्ये स्नोबॉल नमुन्याची गणिती मांडणी केली, तेव्हा पहिली तुकडी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावी तशी निवडलेली होती. प्रत्येकाने किती नावे द्यायची आणि किती फेऱ्या करायच्या, हेही आधी ठरलेले होते. त्या अटींमुळेच त्यातून समूहाविषयी अंदाज बांधता येत होता. आज आपण नाव ठेवले, अटी सोडल्या. तेव्हा टक्केवारीचा हक्कही सोडायला हवा.

मग स्नोबॉल टाकाऊ का? मुळीच नाही. जिथे यादी नाही आणि अनोळखी माणसाशी कोणी बोलत नाही, तिथे ओळखीची वाटच खरी. तिच्यावर उभा राहणारा दावा मात्र वेगळा असतो : ‘या ओळखीच्या जाळ्यात ओळखपत्राची बातमी अशी पसरली, ते अडचणीत असे दाखवले गेले.’ कोणी कोणाचे नाव दिले, कोणी द्यायला नकार दिला, हीच त्यातली मोलाची माहिती. म्हणून धाग्यांचा आराखडा निबंधात छापावा. एकाच मुळापासून बहुतेक फांद्या निघाल्या असतील, तर वाचकाला ते एका नजरेत कळते.

सहेतुक निवडीचे गणित निराळे. तिथे हेतू आधी लिहावा लागतो. आपल्या प्रश्नासाठी दोन कसोट्या पुरेशा आहेत : ओळखपत्र आहे की नाही, आणि काम दारोदार आहे की रस्त्यावर. यातून चार गट होतात. प्रत्येकी सहा जणी शोधल्या तरी संख्या 24 च राहते. आता ओळखपत्र असूनही जिला चौकीत बसवले, अशी एक बाई भेटली, तर टक्केवारीत ती नगण्य ठरली असती. इथे ती निबंधाचे विधानच बदलते : ओळखपत्र चालते ते रोजच्या, ओळखीच्या भागात, दुसऱ्या भागात नाही. सहेतुक निवड ‘काय काय घडते आणि कोणत्या परिस्थितीत’ एवढे सांगू शकते. ‘किती जणींच्या बाबतीत’ हे सांगू शकत नाही. कसोट्या न सांगता ‘सहेतुक’ लिहिणे म्हणजे ‘ज्या सापडल्या त्या’ याला दिलेले भारदस्त नाव.

वाचकाने दोन प्रश्न विचारावेत. या पद्धतीत कोण सापडूच शकले नसते? आणि निष्कर्षाच्या वाक्यातला कर्ता कोण : ‘पुण्यातील कचरावेचक’ की ‘आम्हाला भेटलेल्या’? हा केवळ व्याकरणाचा हट्ट नव्हे. उद्या एखादा अधिकारी ते 87.5 टक्के वाचून म्हणेल, प्रश्न सुटला. आणि जिचे नाव कोणी सांगितले नव्हते, ती दुसऱ्यांदा गाळली जाईल.